बोट लागायची थांबली आणि पाखाडी हलायला लागली

*माझं वय ५६. गुहागर तालुक्यात राहतो, आंबा-काजूची थोडी बाग आहे. गेल्या श्रावणात लघवीच्या इन्फेक्शनचं विष रक्तात पसरलं म्हणून बारा दिवस ॲडमिट होतो. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनं चालू होती. वाचलो. घरी आल्यावर आठवड्याभरात एक विचित्र त्रास सुरू झाला. चालायला लागलो की समोरचं सगळं हलतं, थांबलो की जागच्या जागी. एसटीची पाटी उभं राहून वाचतो, चालताना अक्षरं नाचतात. रात्री पाखाडी उतरताना झोकांड्या जातात. लोक काय समजत असतील ते समजा.*

*चष्मा बदलला, फरक नाही. एक्स-रेमध्ये मानेचे मणके झिजलेले निघाले, तेव्हा पट्टा मिळाला. पट्टा लावला की खरोखर बरं वाटतं, म्हणजे दोष मानेतच असणार. चकरेची गोळी सहा महिने चालू आहे. मुलगा म्हणतो कानाच्या डॉक्टरांकडे चला. पण मला गरगरत नाही, ऐकू चांगलं येतं. उलट पूर्वी मेव्हण्याच्या होडीत बसलो की बोट लागायची, ती आता अजिबात लागत नाही. मग कानाचा काय संबंध? पट्टा कायमचा वापरू का? मे महिन्यात नातवंडं येतात, त्यांना घेऊन समुद्रात पोहायला जातो. त्याला हरकत नसावी ना?*

नमस्कार.

होडीचं वाक्य तुम्ही कान निर्दोष असल्याचा पुरावा म्हणून लिहिलंत. मी कानाची डॉक्टर आहे, आणि तुमच्या पत्रात मला सगळ्यात आधी कानाकडे बोट दाखवणारं वाक्य तेच वाटलं. आयुष्यभर ज्याला बोट लागत होती, त्याची ती एकाएकी थांबली तर ती सवयीनं थांबली असं मी धरून चालणार नाही. बोट लागते ती कान, डोळे आणि शरीर यांच्या बातम्या एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून. होडीच्या तळाशी बसून जाळ्याकडे बघत राहिलं तर डोळे म्हणतात ‘सगळं स्थिर आहे’, आणि कान म्हणतो ‘आपण वर-खाली होतोय’. पोट ढवळतं ते या भांडणातून. ज्यांची दोन्ही कानांतली तोलाची इंद्रियं बंद पडलेली असतात त्यांना बोट लागत नाही, ही जुनी आणि पक्की नोंद आहे. भांडणातला एक पक्ष बोलायचाच थांबलेला असतो.

पत्रावरून निदान करता येत नाही, आणि मीही ते करत नाही. पण तुमच्या तक्रारी ज्या दिशेला नेतात ती दिशा मान नव्हे, चष्मा नव्हे. ती दिशा कोणती ते सांगण्याआधी तुम्हाला एक प्रयोग करायला सांगते. तो घरातल्या इतरांनीही करावा, कारण निरोगी माणसात काय होतं ते तुम्हाला त्यांच्याकडून कळेल.

मुलाला तळहात डोळ्यांसमोर हातभर अंतरावर धरायला सांगा. डोकं स्थिर ठेवायचं आणि हात डावी-उजवीकडे वेगानं हलवायचा, सेकंदाला दोन-तीन फेऱ्या. तळहातावरच्या रेषा पुसट होतील. आता हात स्थिर ठेवून तेवढ्याच वेगानं डोकं ‘नाही नाही’ म्हणतो तसं हलवायचं. रेषा स्पष्ट दिसतील. डोळे आणि हात यांच्यातली हालचाल दोन्ही वेळा सारखीच होती. तरी एकदा चित्र फाटलं आणि एकदा टिकलं. पहिल्या वेळी डोळे हाताचा पाठलाग करत होते. दुसऱ्या वेळी डोळ्यांना पाठलाग करावाच लागला नाही, कारण डोकं कुठे आणि किती वेगानं वळतंय याची बातमी कानानं थेट दिली आणि डोळे तेवढ्याच वेगानं उलट दिशेला फिरले.

याला व्हेस्टिब्युलो-ऑक्युलर रिफ्लेक्स म्हणतात. मराठीत तोल-नेत्र प्रतिक्षेप म्हणू या. कानाच्या आत, ऐकण्याच्या शंखाला लागूनच, प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात तशा त्या एकमेकींशी साधारण काटकोनात असतात. त्यांत द्रव असतो. डोकं फिरलं की द्रव क्षणभर मागे राहतो, आतला मऊ पडदा वाकतो आणि त्याखालच्या केसपेशी नसेला संदेश देतात. तिथून डोळा फिरवणाऱ्या स्नायूपर्यंतची वाट फार आखूड आहे. मध्ये फक्त तीन चेतापेशींची साखळी. त्यामुळे डोकं हलल्यापासून डोळा हलेपर्यंत सेकंदाचा शंभरावा भाग एवढाही वेळ जात नाही. डोळ्यांनी बघून, मेंदूनं समजून, मग डोळा हलवायचा झाला तर सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो.

दहावा भाग म्हणजे फार नाही, असं वाटेल. तुमच्या एसटीच्या पाटीवरच हिशेब करून बघू. स्टँडवर हाक ऐकून आपण मान वळवतो तेव्हा डोकं सेकंदाला १०० अंशांच्या वेगानं सहज फिरतं. डोळ्यांनी केवळ बघून सावरायचं ठरवलं तर सावरेपर्यंत नजर १० अंश सरकलेली असते. हात लांब करून अंगठा उभा धरला तर त्याची रुंदी भरते सुमारे २ अंश. म्हणजे नजर पाच अंगठे बाजूला गेली. आणि ज्या भागानं आपण अक्षरं वाचतो, तो डोळ्याच्या पडद्यावरचा बारीक भाग त्या अंगठ्याच्या नखाएवढंच क्षेत्र टिपतो. पाटी केव्हाच त्याच्याबाहेर गेली. कान काम करत असेल तर तेवढ्याच वळणात नजर अंशभरही हटत नाही. चालताना दर पावलाला डोकं वर-खाली होतं, सेकंदाला साधारण दोन वेळा. पाठलागाला एवढा वेग झेपत नाही, म्हणून सगळा भार कानावर असतो. तो नसला तर प्रत्येक पावलाला जग उसळतं, आणि थांबलात की बसतं. तुम्ही लिहिलंय ते नेमकं हेच आहे. चष्म्यानं फरक पडला नाही, कारण चष्मा चित्र स्वच्छ करतो. स्थिर धरण्याचं काम त्याचं नाहीच.

‘मग मला गरगरत का नाही?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडे कान आणि चक्कर यांची जोडी इतकी पक्की झालीय की गरगरलं नाही तर कान निर्दोष, असं डॉक्टरही कधी कधी धरून चालतात. पण दोन्ही कानांच्या नसा डोकं स्थिर असतानाही गप्प नसतात. त्या अखंड ठोके देत असतात. माकडांवर मोजलेला आकडा सेकंदाला सुमारे ९० आहे. डोकं उजवीकडे वळलं की उजवीकडचे ठोके वाढतात, डावीकडचे कमी होतात, आणि मेंदू फरक वाचतो. एकच कान अचानक बंद पडला तर एका बाजूला ९० आणि दुसऱ्या बाजूला शून्य. मेंदूला वाटतं आपण जोरात फिरतोय. मग खोली गरगरते, उलट्या होतात, माणूस भिंत धरून बसतो. दोन्ही कान एकाच वेळी, हळूहळू, सारखेच मंदावले तर फरक पडतच नाही, म्हणून गरगरत नाही. दोन्ही बाजूंची तराजूची पारडी रिकामी झाली तरी काटा मध्येच असतो.

ऐकू नीट येतं याचंही असंच आहे. ऐकण्याचा शंख आणि तोलाच्या नळ्या शेजारी असल्या तरी त्यांच्या पेशी वेगळ्या आहेत, आणि काही औषधं एकीला सोडून दुसरीलाच धरतात. जेंटामायसिन हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. ते तोलाच्या केसपेशींना जास्त इजा करतं, ऐकणं बऱ्याचदा शाबूत राहतं. स्ट्रेप्टोमायसिनही तसंच. क्षयासाठी ते घेतलेल्या एका अमेरिकन डॉक्टरनं १९५२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आपला अनुभव निनावी लिहिला. अंथरुणात पडून वाचतानाही नाडीच्या ठोक्यानं डोकं इतकंसं हले, तेवढ्यानंही अक्षरं पुसट होत. शेवटी पलंगाच्या दोन गजांमध्ये डोकं घट्ट टेकवून त्यांना वाचावं लागलं. आपल्या डोक्यात नाडीचा धक्का असतो हे आपल्याला जन्मात कळत नाही, कारण कान तोही निस्तरत असतो.

तुम्हाला कोणतं इंजेक्शन दिलं ते मला माहीत नाही. लघवीच्या गंभीर इन्फेक्शनमध्ये जेंटामायसिन किंवा त्याच गटातलं अमिकासिन वापरलं जातं, एवढं मात्र माहीत आहे. म्हणून पहिलं काम हे करा: डिस्चार्ज कार्ड आणि इंजेक्शनांचा तक्ता शोधा. सापडला नाही तर त्या दवाखान्यातून केसपेपरची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. मूत्रपिंडं मंदावलेली असतील तर हे औषध शरीरात जास्त वेळ राहतं, म्हणून क्रिएटिनिनचे रिपोर्टही सोबत ठेवा. इजा कधी कधी औषध थांबल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी जाणवते. रक्तातली पातळी मोजून औषध दिलं तरी ती होऊ शकते. हे सांगते ते कुणाशी भांडायला जाण्यासाठी नाही. रक्तात विष पसरलं होतं तेव्हा त्या इंजेक्शनांनीच तुम्हाला घरी आणलं असेल. पण नाव सापडलं आणि तपासणीत इजा दिसली, तर तुमच्या प्रत्येक केसपेपरवर ठळक लिहून घ्यायला हवं, की हा गट पुन्हा द्यायचा नाही, दुसरा पर्याय असताना तर नाहीच. आणि हेही खरं, की दोन्ही बाजू बंद पडलेल्या बऱ्याच रुग्णांमध्ये शोध घेऊनही कारण सापडत नाही.

आता मानेचा पट्टा. तुम्ही लिहिता, लावला की बरं वाटतं, म्हणजे दोष मानेतच. या ‘म्हणजे’पाशी जरा थांबा. पट्टा मानेला बरं करत नाही, तो डोक्याला हलू देत नाही. डोकं हललं नाही की प्रतिक्षेपाची गरजच पडत नाही, म्हणून चित्र स्थिर. हलायला लागल्यावर दुखणारा गुडघा प्लास्टरमध्ये घातला तर दुखणं थांबेल, पण त्यावरून गुडघ्यात काय बिघडलंय ते कळणार नाही. एक्स-रेचं म्हणाल, तर तुमच्या वयात मानेच्या मणक्यांची झीज कसलीही तक्रार नसलेल्या माणसांतही सर्रास दिसते. तुमच्या वाडीतल्या पन्नाशीच्या पुढच्या दहा जणांचे एक्स-रे काढले तर कित्येकांच्या रिपोर्टवर तीच ओळ येईल.

मान या गोष्टीत आहे, पण वेगळ्या भूमिकेत. कवटीच्या तळाशी जे आखूड, खोल स्नायू आहेत, त्यांत ताण मोजणारी संवेदक टोकं अगदी दाटीनं असतात. डोकं धडावर किती वळलंय हे ती सतत कळवतात. वळण्याबद्दल कान एवढंच सांगू शकतो की डोकं फिरलं. तुम्ही मान वळवलीत की अख्खे तुम्हीच वळलात, हे मानेकडून कळतं. मानेकडून डोळ्यांकडेही एक छोटा प्रतिक्षेप जातो. निरोगी माणसात तो इतका क्षीण असतो की असून नसल्यासारखा. पण दोन्ही कान गेलेल्या माणसांत मेंदू त्याचा आवाज वाढवतो. सावकाश हालचालीत तो थोडी मदत करतो. भरभर चालताना तो पुरत नाही. म्हणजे बघा, उरलेल्या दोन साक्षीदारांपैकी एक मान आहे, आणि पट्टा लावून आपण तिचंही तोंड बांधतोय. शिवाय डोकं हललंच नाही तर डोळे चुकत नाहीत, आणि डोळे चुकले नाहीत तर मेंदूला दुरुस्तीची गरज कळत नाही. पट्टा कायमचा नको, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र हाताला मुंग्या, बोटांत अशक्तपणा किंवा चालताना पाय ताठरणं असं काही असेल तर पट्टा काढण्याआधी हाडांच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरांना विचारा, कारण तो प्रश्न मणक्यातल्या मज्जारज्जूचा असू शकतो.

मुलाचं ऐका आणि कानाच्या डॉक्टरांकडे जा, शक्यतो जिथे तोलाच्या तपासण्या होतात तिथे. जाण्याआधी घरी एक तपासणी करता येईल. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर असे बसा की तिथीची बारीक अक्षरं जेमतेम वाचता येतील. चष्मा लावत असाल तर लावून. मग मुलानं मागून दोन्ही हातांनी डोकं धरून ते हलकेच डावी-उजवीकडे हलवायचं, थोडंच, पण सेकंदाला दोनदा. मान दुखत असेल किंवा वर लिहिलेल्या तक्रारी असतील तर हे करू नका. निरोगी माणसाला वाचायला थोडं जड जातं, पण अक्षरं हातची जात नाहीत. तुम्हाला तिथी, सण, नक्षत्र सगळं पुसून फक्त मोठे आकडे दिसत असतील तर ते डॉक्टरांना तसंच्या तसं सांगा. दवाखान्यात हीच गोष्ट डोळे तपासायच्या तक्त्यावर करतात. डोकं हलवताना तीन किंवा जास्त ओळी गमावल्या तर संशय बळावतो.

डॉक्टर आणखी एक गोष्ट करतील. तुम्हाला त्यांच्या नाकाकडे बघायला सांगून तुमचं डोकं अचानक, थोडंसंच पण झटक्यानं एका बाजूला वळवतील. प्रतिक्षेप शाबूत असेल तर नजर नाकावर खिळून राहते. नसेल तर डोळे डोक्याबरोबर वाहत जातात आणि मग एक छोटी उडी मारून नाकावर परत येतात. ती उडी नुसत्या डोळ्यांनी दिसते. सिडनीच्या हलमाजी आणि कर्थॉईस यांनी १९८८ साली या साध्या तपासणीचं वर्णन केलं, तेव्हापासून ती जगभर वापरली जाते. आता चष्म्यात कॅमेरा बसवून डोळ्याचा वेग मोजतात. डोक्याच्या वेगाशी त्याचं गुणोत्तर निरोगी माणसात १ च्या आसपास असतं. दोन्ही बाजूंना ते ०.६ पेक्षा कमी आलं तर दोन्ही कानांतली तोलाची इंद्रियं मंदावल्याचं निदान पक्कं धरायला आधार मिळतो. हे यंत्र सगळीकडे नाही. कोल्हापूर, पुणे, मुंबई अशा मोठ्या शहरांत मिळेल. पण झटक्याची तपासणी आणि तक्ता यांना कसलंच यंत्र लागत नाही, तालुक्याच्या गावीही होते.

हे सगळं अचानक सुरू झालं असतं, किंवा सोबत दोन-दोन दिसणं, बोबडं बोलणं, घास अडकणं, एका बाजूचा हातपाय जड पडणं यांतलं काही असतं, तर मी तुम्हाला वाचत न बसता त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं असतं. लहान मेंदूच्या आजारातही जग हलतं. पुढे कधी असं झालं तर वाट बघू नका.

चकरेच्या गोळीबद्दल. या गोळ्यांमध्ये बरीच वेगवेगळी औषधं येतात. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन असेल तर ती तोलाच्या संदेशांना दाबतात. एका कानाच्या तीव्र झटक्यात पहिले दोन-तीन दिवस त्यांनी फार आराम पडतो. पण माझा अंदाज खरा असेल तर तुमच्याकडे दाबायला जास्त काही उरलेलंच नाही, आणि जे थोडं उरलंय तेच मेंदूला हवंय. या दोन्हींनी महिनोन्‌महिने घेतल्यावर हात थरथरणं, चाल मंदावणं असा कंपवातासारखा त्रासही होऊ शकतो. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ती अजून हवी आहे का, हे सरळ विचारा. मनानं एकदम बंद करू नका.

निदान पक्कं झालं तर उपाय म्हणजे व्यायाम, आणि तो तोलाच्या व्यायामाची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा. मुख्य व्यायाम असा. पोस्टकार्डावर एक ठळक अक्षर लिहायचं, समजा ‘क’. ते नजरेच्या उंचीवर भिंतीला, हातभर अंतरावर लावायचं. नजर ‘क’वर ठेवून डोकं डावी-उजवीकडे हलवायचं, अगदी थोडं, पंधरा-वीस अंश. वेग कुठपर्यंत वाढवायचा? अक्षर नाचायला लागेल त्याच्या जरा अलीकडे, जिथे ते जेमतेम स्पष्ट राहतं. एक मिनिट हे, थोडी विश्रांती, मग एक मिनिट वर-खाली. दिवसातून तीन ते पाच वेळा, सगळं मिळून वीस ते चाळीस मिनिटं, किमान पाच-सहा आठवडे. सुरुवातीला बसून, मग उभं राहून, मग चालताना. साध्या भिंतीवर जमलं की अक्षर फुलाफुलांच्या पडद्यावर टाचायचं, मागचं चित्र गजबजलेलं असलं की काम अवघड होतं.

यानं मेलेल्या केसपेशी उगवत नाहीत. माणसाच्या कानात त्या परत येऊन काम करतील अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही. बदलतं ते मेंदूचं काम. आपलं डोकं आपणच हलवणार असतो तेव्हा मेंदूला ते आधीच माहीत असतं, आणि तो डोळ्यांना सावरणारी छोटी उडी डोकं वळत असतानाच मारायला शिकतो. ती इतक्या लवकर येते की चित्र फाटल्याचं जाणवत नाही. म्हणूनच सरावानंतर लोक सांगतात, की स्वतः मान वळवली तर आता ठीक दिसतं, पण रिक्षा खड्ड्यात आपटली की अजून जग उसळतं. खड्डा आधी सांगून येत नाही. माझ्याकडे हर्णैच्या बाजूची मासे विकणारी एक बाई येत असे, साधारण अशीच अडचण असलेली. टोपली डोक्यावर घेतली की तिला चालताना जास्त स्पष्ट दिसे, याचं तिला फार नवल वाटायचं. टोपलीच्या वजनाखाली ती मान आपोआप तोलून धरत होती, डोकं कमी उसळत होतं. तीन महिन्यांच्या सरावानंतर तिला टोपलीशिवायही लिलावातले चेहरे ओळखू यायला लागले. एसटीतून जाताना दुकानांच्या पाट्या मात्र शेवटपर्यंत वाचता आल्या नाहीत.

पाखाडीचं वेगळं सांगते, कारण पडण्याचा धोका तिथे आहे. उभं राहायला तीन आधार लागतात: डोळे, कान आणि पाय-मानेची जाणीव. तुमच्याकडे बहुधा दोनच आहेत. दिवसा सपाट रस्त्यावर दोन पुरतात. रात्री डोळे गेले, जांभ्याच्या उंचसखल पायऱ्यांवर तळव्यांची बातमी फसवी झाली, की एकही धड उरत नाही. पुळणीच्या वाळूतही तसंच. लोक काय समजतात ते सोडा. हातात जोरदार बॅटरी आणि काठी घ्या. काठी भार टाकायला नव्हे, जमीन कुठे आहे हे सांगणारा तिसरा साक्षीदार म्हणून. बोटांच्या टोकांनी भिंतीला किंवा गडग्याला नुसता स्पर्श ठेवला तरी झोक लक्षणीय कमी होतो. दोन भागांचा चष्मा असेल तर पाखाडीसाठी फक्त लांबचा वेगळा करून घ्या, खालच्या काचेतून पायऱ्या पुसट दिसतात. रात्री बाथरूमपर्यंत छोटा दिवा चालू राहू दे. दुचाकी डॉक्टरांनी तपासेपर्यंत नको. झाडावर चढणं आणि शिडीवरून आंबे उतरवणं यंदा गड्यांवर सोपवा. वर बघताना डोकं मागे गेलं की फांद्या हलत्या दिसतात, आणि पायाखाली शिडीची एकच पायरी असते.

आणि नातवंडांबरोबर समुद्रात जाण्याचं. तुम्ही ते शेवटी, सहज विचारलंत. माझं उत्तर नाही असं आहे. तुम्ही किती चांगले पोहता याचा इथे संबंध नाही. पाण्याखाली शरीर तरंगतं, तळव्यांना जमीन नसते, वजनाची जाणीव पुसट होते. लाटेखाली गढूळ पाण्यात डोळ्यांना काही दिसत नाही. तिथे वर कुठे आणि खाली कुठे हे सांगणारा एकटा कानच उरतो. तो नसला की पट्टीचा पोहणारासुद्धा हवेच्या शोधात तळाकडे पोहत जाऊ शकतो, आणि आपण चुकतोय हे त्याला कळत नाही. विहिरीत सूर मारणं, रात्री पोहणं, एकट्यानं पोहणं, सगळं बंद. उधाणाच्या समुद्रात कमरेपर्यंतच्या पाण्यातही नको, लाट पाडते आणि क्षणभर डोकं पाण्याखाली जातंच. ओहोटीला घोट्याएवढ्या पाण्यात, कुणाचा तरी हात धरून, दिवसाउजेडी चाला. मुलाला आणि मेव्हण्यांना हे आजच सांगून ठेवा, आणि नातवंडं पाण्यात असतील तेव्हा त्यांच्याजवळ पोहता येणारा दुसरा मोठा माणूस हवा. तुम्ही काठावर उभे राहून त्यांच्यावर नजर ठेवा. उभं राहिल्यावर तुम्हाला सगळं स्थिर दिसतं.